डाय बदलायला दीड तास : मॅनेजरपुढे ठेवायचा एक प्रस्ताव

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली. यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग करणारी प्रेस शॉप सापडतात. गाडीच्या सीटखालचा ब्रॅकेट, मोटरचं झाकण, बिजागरीची पट्टी असे दहा-पंधरा प्रकारचे नग एकाच प्रेसवर निघतात. प्रत्येक नगाची डाय वेगळी असते. एक लॉट संपला की जुनी डाय उतरवायची, नवी चढवायची, रॅमची उंची जुळवायची, ट्रायल मारायची आणि क्वालिटीकडून पहिला नग पास करून घ्यायचा. हे सगळं होईपर्यंत प्रेस उभी असते.

तिथल्या सुपरवायझरला हे रोज दिसतं. डाय बदलायचा वेळ कमी करता येईल, हेही त्याला माहीत असतं. अनेकदा तो साहेबांना तसं बोलूनही दाखवतो. साहेब ‘बघू’ म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो. याचा दोष बहुतेक वेळा साहेबांना देता येत नाही, कारण होकार देता येईल अशा रूपात ती सूचना त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते. किती पैसे लागतील, प्रयोग फसला तर काय करायचं, फायदा कुठल्या खात्यात दिसेल, याची उत्तरं हातात नसताना कुणीही जबाबदार माणूस सही करत नाही. म्हणून अशा सूचनेचा लेखी प्रस्ताव कसा करायचा, ते एका उदाहरणातून पाहू. पुढचे रुपये आणि मिनिटं समजण्यासाठी घेतलेली आहेत. प्रत्येक कारखान्यात ती वेगळी निघतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

या कामामागचा विचार नवा नाही. जपानी औद्योगिक अभियंता शिगेओ शिंगो १९५० साली हिरोशिमातल्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा कंपनीच्या कारखान्यात मोठ्या प्रेसचं काम पाहत होते. ८०० टनी प्रेसवर डाय बदलताना एक बोल्ट सापडेना आणि त्याच्या शोधात एका कामगाराचा तासाहून जास्त वेळ गेला. शिंगोंनी त्यावरून डाय बदलण्याच्या कामाचे दोन भाग पाडले : प्रेस थांबल्याशिवाय करताच येत नाही ते, आणि प्रेस चालू असतानाही करता येतं ते. बोल्ट शोधणं दुसऱ्या प्रकारातलं. पुढे १९६९ मध्ये टोयोटातल्या १००० टनी प्रेसचा डाय बदलण्याचा वेळ त्यांनी चार तासांवरून दीड तासावर आणला आणि नंतर तीन मिनिटांवर. कारखान्यांत ही पद्धत ‘स्मेड’ नावाने ओळखली जाते. आपल्या प्रस्तावात मात्र तीन मिनिटांचा उल्लेख करू नये. त्यामागे वर्षानुवर्षांचं काम आणि बदललेली यंत्रसामग्री होती. पन्नास-साठ माणसांच्या प्रेस शॉपमध्ये पहिल्याच पानावर असा आकडा दिसला, की वाचणाऱ्याचा पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

सुरुवात आजच्या त्रासापासून करायची. आपलं उदाहरण १६० टनी प्रेसचं आहे. दोन शिफ्ट, महिन्याचे २६ दिवस, जेवणाची सुट्टी वजा जाता महिन्याला ३९० तास हाताशी. या प्रेसवर १४ डाय चालतात आणि महिन्यात साधारण ५० वेळा डाय बदलावी लागते.

एका बदलाला किती वेळ लागतो, हे लॉगबुकात लिहिलेलं असतंच. पण ते आकडे नीट पाहा. सगळ्या नोंदी ६०, ९०, १२० अशा गोल असतील, तर त्या शिफ्ट संपताना आठवून लिहिल्या आहेत असं समजावं. खरी मोजणी एखाददुसऱ्या दिवशीची पुरत नाही. दोन आठवडे प्रत्येक बदलाच्या वेळी घड्याळ लावावं लागतं. त्यात आणखी एक ठरवून घ्यायचं : मोजणी कुठे सुरू होते आणि कुठे संपते. बरेच जण डायचे बोल्ट आवळले की घड्याळ थांबवतात. ते चूक आहे. जुन्या लॉटचा शेवटचा चांगला नग पडल्यापासून नव्या लॉटचा पहिला नग पास होईपर्यंतचा सगळा वेळ धरायचा, कारण तेवढा वेळ प्रेसमधून विकण्याजोगं काहीही बाहेर पडत नाही.

समजा असं मोजल्यावर सरासरी ९५ मिनिटं निघाली. ती कुठे जातात? नवी डाय रॅकवरून आणणं आणि फोर्कलिफ्टची वाट पाहणं, २२ मिनिटं. योग्य लांबीचे बोल्ट, क्लॅम्प आणि पॅकिंग शोधणं, ९ मिनिटं. जुनी डाय सोडवून काढणं, १४. नवी बसवून, सेंटर करून आवळणं, १८. रॅमची शट हाइट जुळवून ट्रायल मारणं, १७. शेवटी नग क्वालिटीकडे नेऊन तो पास होण्याची वाट पाहणं, १५.

प्रस्तावाचा जीव या फोडीत आहे. ‘डाय सेटिंगला फार वेळ जातो’ या वाक्यावर साहेब काहीच करू शकत नाहीत. पण फोर्कलिफ्ट आणि बोल्ट यांत मिळून ३१ मिनिटं जातात आणि ही दोन्ही कामं आधीचा लॉट चालू असताना होऊ शकतात, हे वाचलं की उपाय त्यांना स्वतःलाच दिसू लागतो. क्वालिटीच्या १५ मिनिटांत प्रत्यक्ष तपासणी पाचच मिनिटांची असते. बाकीची दहा मिनिटं इन्स्पेक्टर दुसऱ्या मशीनवर असल्यामुळे जातात. लॉट संपण्याआधी त्याला निरोप गेला तर ती वाचतात. ही ४१ मिनिटं कागदावरची झाली. सगळी हाती लागत नाहीत म्हणून प्रस्तावात ४० धरावीत आणि ९५ वरून ५५ हे उद्दिष्ट लिहावं. शट हाइटच्या कामातही काही मिनिटं वाचतील. प्रत्येक डायखाली प्लेट बसवून सगळ्या डाय एकाच उंचीच्या केल्या, तर रॅम वरखाली करण्याचं काम जवळपास राहत नाही आणि बोल्टही एकाच लांबीचे चालतात. ती मिनिटं उद्दिष्टात धरू नयेत. काही उपाय अपेक्षेइतका चालला नाही, तर त्यांचा आधार राहतो.

त्रास लिहिताना भाषा जपून वापरावी. ‘स्टोअरवाले वेळेवर फोर्कलिफ्ट देत नाहीत’ असं लिहिलं, की तो प्रस्ताव तक्रारअर्ज होतो आणि मॅनेजरला आधी भांडण मिटवावं लागतं. ‘डाय आणण्याची मागणी आज लॉट संपल्यावर जाते, ती लॉट संपण्याच्या एक तास आधी जावी’ या वाक्यात वस्तुस्थिती तीच येते आणि कुणी दुखावत नाही. त्याहून चांगलं म्हणजे कागद वर पाठवण्याआधी स्टोअर आणि क्वालिटीच्या माणसांशी बोलावं आणि त्यांना काय मान्य आहे ते प्रस्तावात नोंदवावं. मॅनेजरचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो.

आता पायलट. सगळ्या १४ डायवर एकदम हात घालू नये. जास्त वेळा बदलाव्या लागणाऱ्या पाच डाय निवडाव्यात. आपल्या उदाहरणात ५० पैकी ३० बदल या पाचांतली एखादी डाय चढवण्याचे आहेत. मुदत सहा आठवडे. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त मोजायचं, म्हणजे तुलनेला पक्का आधार मिळतो. पुढचे चार आठवडे नवी पद्धत चालवायची : लॉट संपण्याच्या एक तास आधी पुढची डाय प्रेसशेजारच्या स्टँडवर, तिचे बोल्ट आणि क्लॅम्प नंबर टाकलेल्या बोर्डवर, शट हाइटचा आकडा डायवरच रंगवलेला आणि इन्स्पेक्टरला आधीच निरोप.

पायलट यशस्वी झाला असं कधी म्हणायचं, हे सुरू करण्याआधी लिहून ठेवावं. इथे अट अशी ठेवता येईल : शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी ६० मिनिटांच्या आत यावी आणि सुरुवातीच्या नगांतलं रिजेक्शन आधीपेक्षा वाढू नये. शेवटचे दोन आठवडे घेण्याला कारण आहे. पहिल्या आठवड्यात साहेब येऊन उभे राहतात, सगळे झटून काम करतात आणि वेळ एकदम खाली येतो. ती पद्धतीची कमाई नसते. चौथ्या आठवड्यात, कुणी पाहत नसताना, रात्रीच्या शिफ्टला किती मिनिटं लागली तोच आकडा खरा. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट दोन बदलही नोंदवावेत. आठ बदल ४५ मिनिटांत आणि दोन १२० मिनिटांत झाले, तर सरासरी ६० दिसते, पण त्या दोन दिवसांचं वेळापत्रक कोलमडलेलंच असतं.

पायलट कधी थांबवायचा, हेही लिहायचं आणि यात तडजोड नको. डाय बसवताना प्रेसची वीज बंद करून कुलूप लावलेलं हवं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक हवा. घड्याळ लागलं की सगळ्यात आधी याच गोष्टींवर गदा येते. ब्लॉक न लावता एकदाही डाय बदललेली दिसली, बोल्ट अर्धवट आवळल्यामुळे डाय सरकली किंवा गार्ड काढून ट्रायल मारली गेली, तर त्याच दिवशी पायलट थांबेल, हे वाक्य प्रस्तावात ठळक असावं. वाचवलेल्या चाळीस मिनिटांपायी कुणाची बोटं गेली, तर त्या मिनिटांना काही किंमत नाही.

खर्चाकडे येऊ. बोल्ट-क्लॅम्पचा संच आणि बोर्ड १२,००० रुपये, प्रेसशेजारचं स्टँड १३,०००, पाच डायखालच्या प्लेट प्रत्येकी ४,००० म्हणजे २०,०००. एकूण ४५,०००. डाय ढकलत नेण्यासाठी ६५,००० रुपयांची रोलर-ट्रॉलीही हवी आहे, पण ती पायलटमध्ये घेऊ नये. तोवर आहे ती फोर्कलिफ्ट चालते. प्रत्येक मॅनेजरची स्वतःच्या सहीने मंजूर करण्याची एक मर्यादा असते. पायलट त्या मर्यादेत बसला तर निर्णय याच आठवड्यात होतो. त्याबाहेर गेला तर कागद हेड ऑफिसला जातो आणि दोन महिने परत येत नाही.

या खर्चात एक न दिसणारी बाब आहे. ती वगळली, तर प्रस्ताव अप्रामाणिक ठरतो. डाय आणणं आणि बोल्ट काढून ठेवणं ही ३१ मिनिटं प्रेसच्या वेळातून गेली, पण काम संपलं नाही. ते कुणीतरी प्रेस चालू असताना करणारच आहे. ५० बदलांना ३१ मिनिटं म्हणजे महिन्याला सुमारे २६ तास, दर शिफ्टला अर्धा तास. शिफ्टच्या हेल्परकडे एवढा वेळ खरोखर मोकळा आहे का, ते दोन आठवडे पाहूनच लिहावं. वेळ नसेल तर वाढीव माणसाचा पगार खर्चात येतो आणि सगळं गणित बदलतं.

फायद्याच्या भागात बहुतेक प्रस्ताव कोसळतात. पायलट यशस्वी होऊन पद्धत सगळ्या डायना लागू झाली, तर ५० गुणिले ४० म्हणजे २,००० मिनिटं, महिन्याला ३३ तास मोकळे होतात. इथे लिहिणारा लगेच प्रेसचा तासाचा दर, समजा ९०० रुपये, त्याला गुणतो आणि ‘महिन्याला जवळपास ३०,००० ची बचत’ असं लिहितो. अकाउंट्सचा माणूस ती ओळ एका रेघेत कापतो आणि त्याचं बरोबर असतं. त्या ९०० रुपयांत मशीनचा घसारा, शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार सगळं आलेलं असतं. प्रेस ३३ तास आधी मोकळी झाली म्हणून भाडं कमी होत नाही. त्या मोकळ्या तासांत काय होणार आहे, यावर सगळा पैसा अवलंबून आहे. काहीच होणार नसेल तर फायदा शून्य.

म्हणून विचारायचं ते एवढंच : आज खिशातून प्रत्यक्ष जाणारा कोणता पैसा थांबेल? आपल्या उदाहरणात या प्रेसवर महिन्यातले दोन रविवार ओव्हरटाइम चालतो. तीन माणसं, आठ तास, म्हणजे एकूण ४८ माणूस-तास. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट मजुरी द्यावी लागते. तो दर तासाला २०० रुपये धरला तर ९,६०० रुपये होतात. हे प्रेसचे १६ तास मोकळ्या झालेल्या वेळात सामावतात. दुसरं म्हणजे, वेळ पुरत नाही म्हणून महिन्याला ६,००० नग बाहेर जॉबवर्कला जातात, नगामागे अडीच रुपये देऊन. ते आत काढले तर वीज-तेलाचा खर्च नगामागे ५० पैसे येईल, म्हणजे निव्वळ वाचले १२,०००. तासाला ४०० नग या गतीने त्याला १५ तास लागतात. १६ आणि १५ मिळून ३१ तास, ३३ च्या आत बसले. महिन्याची खरी बचत २१,६०० रुपये.

पायलटच्या काळात एवढी बचत दिसणार नाही. पाच डायच्या ३० बदलांत महिन्याला २० तास सुटतील आणि त्यांत फक्त रविवारचा ओव्हरटाइम बंद होईल. तसं स्पष्ट लिहावं, म्हणजे सहा आठवड्यांनी ‘२१,००० कुठे आहेत?’ असं कुणी विचारणार नाही.

ऑर्डरी कमी असल्या, ओव्हरटाइम आणि जॉबवर्क दोन्ही नसलं, तर हा फायदा नाहीसा होतो. तेव्हा मोकळा वेळ दुसरीकडे वळवता येतो : तेवढ्याच तासांत जास्त वेळा डाय बदलायची. आज ५० बदलांना जाणाऱ्या ७९ तासांत ५५ मिनिटांच्या हिशेबाने ८६ बदल बसतात. म्हणजे प्रत्येक लॉट आजच्या सुमारे ५८ टक्के आकाराचा करता येतो. क्रेटमध्ये पडून राहिलेला माल घटतो, त्यात अडकलेला पैसा मोकळा होतो आणि डायमधली खोट हजार नग निघण्याआधी लक्षात येते. पण ओव्हरटाइमची बचत आणि लहान लॉट हे दोन्ही फायदे एकत्र धरता येत नाहीत. तास तेच आहेत आणि ते एकदाच वापरता येतात. दोन्ही ओळींची बेरीज केलेला प्रस्ताव मी मॅनेजर असतो तर लगेच परत पाठवला असता.

पूर्ण योजनेचा खर्च पायलटचे ४५,०००, उरलेल्या नऊ डायच्या प्लेटचे ३६,००० आणि ट्रॉलीचे ६५,००० मिळून १,४६,००० होतो. २१,६०० च्या बचतीने तो सात महिन्यांच्या आत वसूल होतो. कागदावर हे छान दिसतं. पण त्यात एक हिशेब राहिला आहे आणि तो कामगारांचा आहे.

रविवारचा ओव्हरटाइम कंपनीच्या खात्यात खर्च असतो. सेटरच्या घरी तो पगाराचा भाग असतो. दोन रविवारचे १६ तास म्हणजे माणशी महिन्याला ३,२०० रुपये. त्यातून शाळेची फी, गाडीचा हप्ता भागत असतो. हातातली डाय लवकर बदलली की आपलेच ३,२०० रुपये जाणार, हे सेटरला पहिल्याच दिवशी कळतं. मग पायलटच्या तिसऱ्या आठवड्यात वेळ पुन्हा ९० वर जातो आणि लोक ‘कामगारांची मानसिकता’ या विषयावर बोलू लागतात. मानसिकतेचा यात संबंध नाही. माणूस आपलं घर सांभाळतो आहे.

म्हणून बचतीतला वाटा प्रस्तावातच ठेवावा. दोन्ही शिफ्टचे मिळून सहा सेटर आणि हेल्पर असतील आणि प्रत्येकाला महिन्याला १,००० रुपये सेटिंग भत्ता दिला, तर ६,००० जातात. बचत १५,६०० उरते आणि खर्च वसूल व्हायला साधारण साडेनऊ महिने लागतात. भत्त्याने ओव्हरटाइमची पूर्ण भरपाई होत नाही, हे त्यांना आधी समोर बसवून सांगायला हवं. पण रविवार मोकळा आणि हातात काही रक्कम, यावर बोलणं तरी होऊ शकतं. अपेक्षेपेक्षा वाईट झालं तर काय, तेही इथेच दाखवावं. चाळीसऐवजी २५ च मिनिटं वाचली तर महिन्याला सुमारे २१ तास मिळतात. ओव्हरटाइम बंद होतो, पण जॉबवर्कमधले दोनच हजार नग आत येतात. भत्ता वजा जाता बचत ७,६०० आणि वसुलीला १९ महिने. दीड वर्षाहून जास्त थांबायची तयारी आहे का, हे मॅनेजरने ठरवायचं. सुपरवायझरचं काम तो आकडा न लपवण्याचं.

एवढं झालं की पहिलं पान शेवटी लिहावं आणि त्यात मागणी सगळ्यात वर यावी. साधारण असं :

“मा. वर्क्स मॅनेजर साहेब, १६० टनी प्रेसवर पाच डायसाठी सहा आठवड्यांचा पायलट घेण्यास आणि त्यासाठी ४५,००० रुपये खर्चास मंजुरी मिळावी, ही विनंती. सध्या डाय बदलायला सरासरी ९५ मिनिटं लागतात, ती ६० च्या आत आणण्याचा प्रयत्न आहे. सुरक्षिततेची एकही अट मोडल्यास पायलट त्याच दिवशी थांबवण्यात येईल. सेटर आणि हेल्पर यांच्या ओव्हरटाइमवर होणारा परिणाम व त्यासाठीचा भत्ता हिशेबात धरला आहे. स्टोअर व क्वालिटी विभागाशी बोलणं झालेलं आहे. तपशील सोबत.”

असा कागद टेबलावर आला, तर मॅनेजरांनी पहिल्यांदा भत्त्याची ओळ शोधावी. ती नसेल, तर बाकीचे आकडे कितीही चांगले असले तरी सही न करता प्रस्ताव परत पाठवावा आणि सुपरवायझरला सेटरशी बोलून यायला सांगावं.